एन-टाइप सिलिकॉनवर ॲल्युमिनियम: डायोड कधी, ओमिक कधी?

प्रश्न: एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी ५ ओम-सेंमीच्या एन-टाइप सिलिकॉनचा १ सेंमी × १ सेंमी तुकडा घेतला. समोर १ मिमी व्यासाचे ॲल्युमिनियमचे ठिपके टाकले आणि मागची पूर्ण बाजू ॲल्युमिनियमने झाकली. पुस्तकातल्या हिशेबाने बॅरिअर ४.२८ वजा ४.०५, म्हणजे जेमतेम ०.२३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट येतो, तेव्हा संपर्क ओमिक यायला हवा. पण ठिपका पॉझिटिव्ह केला तर २ व्होल्टलाही प्रवाह २४ मायक्रोॲम्पियरच्या वर जात नाही, आणि निगेटिव्ह केला तर ०.२ वरच थांबतो. याला डायोड म्हणायचं की ओमिक? पी-टाइपवर हेच केलं, ४५० अंशांना तापवलं, तर सरळ रेषा आली. इथेही तापवून बघू का?

उत्तर:

तुमच्या हातात एक डायोड नाही, दोन आहेत, आणि ते एकमेकांकडे पाठ करून जोडलेले आहेत. एक समोरच्या ठिपक्याखाली आहे, दुसरा मागच्या ॲल्युमिनियमखाली. तापवू नका, त्याने मागची बाजू बहुतेक आणखी बिघडेल. का, ते पुढे येईलच, पण आधी तुमचेच आकडे नीट वाचू. त्यात जवळजवळ सगळं उत्तर आहे.

चोवीस भागिले ०.२ म्हणजे १२०. आता क्षेत्रफळं बघा. १ मिमी व्यासाच्या ठिपक्याचं क्षेत्रफळ ०.००७८५ चौरस सेंमी, मागच्या बाजूचं १ चौरस सेंमी, म्हणजे गुणोत्तर १२७. हा योगायोग नाही. दोन्ही दिशांना प्रवाह अडतोय आणि तो क्षेत्रफळाच्या प्रमाणात अडतोय. ठिपका निगेटिव्ह असतो तेव्हा ठिपक्याचा डायोड उलटा होऊन अडवतो. ठिपका पॉझिटिव्ह केला की तो सुलटा होतो, पण त्याच क्षणी मागचा डायोड उलटा होतो आणि तो अडवायला लागतो. मागचा शंभरपट मोठा असल्यामुळे गळतीही शंभरपट, म्हणून तुम्हाला ती बाजू 'सुलटी' वाटली. खरा सुलटा प्रवाह तुम्ही अजून पाहिलेलाच नाही. त्या २ व्होल्टांपैकी ठिपक्यावर सुमारे ०.१३ व्होल्ट पडतोय, बाकीचा जवळपास सगळा मागच्या जोडावर खर्च होतोय.

अडथळा किती उंच आहे तेही याच आकड्यांतून निघतं. बॅरिअरवरून उडी मारून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रवाह असा लिहितात:

```
I  = I0 [exp(qV/nkT) - 1]
I0 = A · A** · T² · exp(-qφ/kT)
```

A म्हणजे क्षेत्रफळ, φ म्हणजे बॅरिअरची उंची, n म्हणजे आदर्श डायोडसाठी एक असणारा आयडिअॅलिटी फॅक्टर, आणि A** हा रिचर्डसन स्थिरांक. एन-टाइप सिलिकॉनसाठी तो सुमारे ११२ ॲम्पियर प्रति चौ. सेंमी प्रति केल्विन वर्ग धरतात. खोलीच्या तापमानाला, म्हणजे ३०० केल्विनला, φ ०.७० धरला तर दर चौरस सेंमीला साडेसतरा मायक्रोॲम्पियर येतात. ठिपक्यासाठी तेच ०.१४ मायक्रोॲम्पियर होतात. तुमचे २४ आणि ०.२ याहून थोडे जास्त आहेत, आणि तेही अपेक्षितच आहे. उलट्या व्होल्टेजमुळे पृष्ठभागाजवळचं विद्युतक्षेत्र वाढतं आणि बॅरिअरचा माथा किंचित खाली येतो. इतक्या हलक्या डोपिंगला २ व्होल्टवर ही घट सहा-सात मिलिव्होल्टांची असते, पण घातांकात बसल्यामुळे तेवढ्यानेही प्रवाह पंचवीस-तीस टक्क्यांनी वाढतो.

आता पुस्तकातला ०.२३ घालून बघा. दर चौरस सेंमीला हजाराहून जास्त ॲम्पियर येतात. तसं असतं तर संपर्क तुम्हाला जाणवलाही नसता, फक्त सिलिकॉनचा स्वतःचा रोध मोजला गेला असता. म्हणजे तुमचा बॅरिअर ०.७ च्या आसपास आहे, ०.२३ नाही. सिलिकॉनवरच्या ॲल्युमिनियमसाठी इतरांनी मोजलेला आकडाही ०.७ च्या जवळपासच येतो, तेव्हा तुमच्या नमुन्यात काही विचित्र नाही.

मग पुस्तक चुकलं का? पुस्तकातला नियम शॉटकी आणि मॉट यांचा, १९३८-३९ च्या सुमाराचा. धातूचं वर्क फंक्शन घ्या, त्यातून अर्धवाहकाची इलेक्ट्रॉन ॲफिनिटी वजा करा, बॅरिअर तयार. या नियमात एक गृहीत आहे, आणि बरीच पुस्तकं ते घाईत उरकतात: धातू आणि सिलिकॉन एकमेकांना टेकले तरी दोघांचे पृष्ठभाग आधी होते तसेच राहतात. प्रत्यक्षात तसे राहत नाहीत. सिलिकॉनच्या पृष्ठभागावर ऊर्जापट्ट्यांमधल्या रिकाम्या जागेत, म्हणजे बँड गॅपमध्ये, इलेक्ट्रॉनांना बसायला स्तर असतात, हे बार्डीन यांनी १९४७ साली दाखवलं. पुढे १९६५ मध्ये हाइने यांनी म्हटलं की पृष्ठभाग कितीही स्वच्छ असला तरी धातूतल्या इलेक्ट्रॉनांच्या लहरींची शेपटं काही अँगस्ट्रॉमपर्यंत सिलिकॉनमध्ये घुसतात आणि तसे स्तर तयार करतातच. धातू बदलला की जो जास्तीचा विद्युतभार इकडून तिकडे जायला हवा, तो हे स्तर तिथल्या तिथे पचवतात. आतल्या सिलिकॉनला धातू बदलल्याचा पत्ताही फारसा लागत नाही. फर्मी पातळी गॅपमध्ये एका जागी जणू खिळलेली राहते. एन-टाइप सिलिकॉनमध्ये ती जागा कंडक्शन बँडच्या खाली गॅपच्या साधारण दोन-तृतीयांशावर येते.

हे खिळणं किती घट्ट आहे ते सोन्याशी तुलना केली की कळतं. सोन्याचं वर्क फंक्शन सुमारे ५.१, ॲल्युमिनियमचं ४.२८, फरक ०.८ चा. शॉटकी-मॉट नियमाने बॅरिअरमध्येही तेवढाच फरक हवा होता. मोजला तर एन-टाइपवर सोन्याचा ०.८० आणि ॲल्युमिनियमचा ०.७ च्या आसपास, म्हणजे फरक ०.१ च्या घरात. धातू बदलून सिलिकॉनवर ओमिक संपर्क मिळवायला निघालात तर फार पुढे जात नाही, ते यामुळे.

इथे एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. 'बॅरिअर हाइट' हा त्या दोन पदार्थांच्या जोडीचा ठरलेला आकडा आहे असं आपण बोलतो, पण तो नेमक्या त्या पृष्ठभागाचा असतो. सिलिकॉनच्या (१११) पृष्ठावर निकेल सिलिसाइडचा एकस्फटिकी थर दोन तऱ्हांनी वाढवता येतो. धातू तोच, सिलिकॉन तेच, फक्त जोडावर अणूंची मांडणी फिरलेली. टंग यांनी १९८४ मध्ये मोजलं तेव्हा एका मांडणीला ०.६५ आणि दुसरीला ०.७९ आला. म्हणून तुमचा आकडा ०.६८ आला आणि मित्राचा ०.७४, तर कोणी तरी चुकलंच असं समजू नका. आधी दोघांनी वेफर कसा धुतला ते विचारा. जगदीशचंद्र बोस यांच्या ज्या गॅलिना डिटेक्टरला १९०४ मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं, त्या जातीच्या स्फटिक-रेडिओंवर लोक सुईचं टोक खड्यावर इकडेतिकडे टेकवून 'चालणारी' जागा शोधत, त्यामागेही हीच भानगड होती. खड्याचा प्रत्येक कण वेगळा.

आता मुख्य प्रश्न. बॅरिअर जर ०.७ च राहणार असेल आणि तो धातू बदलूनही फारसा हलत नसेल, तर सिलिकॉनवर कुठलाच संपर्क ओमिक व्हायला नको. पण प्रत्येक चिपमध्ये ते कोट्यवधींनी असतात. उत्तर उंचीत नाही, जाडीत आहे.

तुमच्या ५ ओम-सेंमीच्या वेफरमध्ये दर घन सेंमीला सुमारे १०^१५ दाता अणू आहेत. एवढ्या विरळ डोपिंगला बॅरिअर उभा राहायला लागणारा विद्युतभार गोळा करायचा तर डिप्लिशन थर बराच आतपर्यंत पसरावा लागतो. हिशेब केला तर पाऊण मायक्रॉन येतो, म्हणजे ७५० नॅनोमीटर. एवढ्या जाडीतून इलेक्ट्रॉन आरपार जाऊ शकत नाही, त्याला वरूनच उडी मारावी लागते. सिलिकॉनमधून धातूकडे जाताना व्होल्टेज लावून तुम्ही ती उडी कमी करू शकता, पण धातूकडून सिलिकॉनकडे येणाऱ्याला मात्र कुठलंही व्होल्टेज लावा, ०.७ ची उडी मारावीच लागते. दोन बाजूंचा हा भेद म्हणजेच रेक्टिफिकेशन.

तोच वेफर पृष्ठभागाजवळ १०^२० पर्यंत फॉस्फरसने भरा. उंची जवळपास तेवढीच राहते, पण डिप्लिशन थर ३ नॅनोमीटरवर येतो. भिंत तेवढीच उंच, पण आता पापुद्र्याएवढी पातळ. इलेक्ट्रॉन तिच्यावरून न जाता तिच्यातून जातो, टनेलिंगने, आणि ते दोन्ही दिशांना सारखंच सोपं असतं. संपर्काचा विशिष्ट रोध दर चौ. सेंमीच्या हिशेबात एका ओमच्या दशलक्षांशाच्या आसपास येतो. तुमच्या आत्ताच्या संपर्काचा, शून्य व्होल्टच्या जवळ, सुमारे दीड हजार ओम-चौ. सेंमी आहे. मध्ये नऊ दशकांचा फरक, आणि धातू तोच ॲल्युमिनियम.

तेव्हा 'ओमिक म्हणजे बॅरिअर नसलेला' ही व्याख्या मनातून काढून टाका. ओमिक संपर्क म्हणजे ज्याच्यावर पडणारं व्होल्टेज बाकीच्या नमुन्याच्या तुलनेत नगण्य असतं आणि दिशेने बदलत नाही. त्याच्या आत ०.७ चा बॅरिअर खुशाल असू शकतो, बहुतेक वेळा असतोच. खऱ्या अर्थाने बुटका बॅरिअर मिळणारी जोडी नशिबानेच सापडते.

डोपिंग मधलं असेल, म्हणजे १०^१७ ते १०^१८ च्या दरम्यान, तर दोन्ही वाटा थोड्या थोड्या उघड्या असतात. इलेक्ट्रॉन उष्णतेने अर्धा वर चढतो आणि माथा पातळ होतो तिथून घुसतो. असा संपर्क चांगला डायोडही नसतो आणि चांगला ओमिकही नसतो. वेफर निवडताना हा पट्टा टाळलेला बरा.

आता तापवण्याबद्दल. पी-टाइपवर ते चाललं याची दोन कारणं आहेत. एक, फर्मी पातळी खाली, व्हॅलन्स बँडच्या बाजूला खिळलेली असल्यामुळे पी-टाइपसाठी बॅरिअर मुळातच बुटका पडतो. दोन्ही प्रकारच्या बॅरिअरची बेरीज ढोबळमानाने गॅपएवढी, १.१२ च्या जवळ येते. सोन्यासाठी ०.८० आणि ०.३४ हे मोजलेले आकडे आहेत, बेरीज करून बघा. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. ४५० अंशांना ॲल्युमिनियम थोडं सिलिकॉन स्वतःत विरघळवतो, आणि थंड होताना ते सिलिकॉन परत पृष्ठभागावर बसतं, पण येताना ॲल्युमिनियमचे अणू घेऊन येतं. ॲल्युमिनियम सिलिकॉनमध्ये पी-टाइप डोपिंग करतो. म्हणजे पी-टाइप वेफरवर तुम्हाला फुकटात जास्त डोपिंगचा पातळ थर मिळाला आणि रेषा सरळ झाली.

एन-टाइपवर हाच फुकटचा थर उलटा पडतो. एन-सिलिकॉनवर पातळ पी-थर बसला की बॅरिअर ०.७ वरून वर सरकतो आणि मागचा डायोड अधिकच कडक होतो. सुरुवातीची काही मिनिटं तापवल्यावर वक्र थोडा सुधारल्यासारखा दिसू शकतो, कारण ॲल्युमिनियम पृष्ठभागावरचा नैसर्गिक ऑक्साइड खातो. त्याला भुलू नका.

मागची बाजू खरोखर ओमिक करायची तर तीन वाटा आहेत. विभागात डिफ्यूजनची भट्टी असेल तर मागून फॉस्फरस घाला, सुमारे ९०० अंशांना, आणि मग त्यावर ॲल्युमिनियम टाका. हा सर्वांत भरवशाचा मार्ग. भट्टी नसेल पण बाष्पीभवनाचं यंत्र असेल तर एखाद टक्का अँटिमनी मिसळलेलं सोनं मागे टाका आणि नायट्रोजनमध्ये काही मिनिटं ३७० ते ४०० अंशांना ठेवा. सोने-सिलिकॉनचं मिश्रण ३६३ अंशांना वितळतं, आणि थंड होताना अँटिमनी सिलिकॉनमध्ये दाता म्हणून राहून जातो. ॲल्युमिनियमने पी-टाइपला जे केलं तेच हे एन-टाइपला करतं. तिसरी वाट नुसत्या मोजमापापुरती: मागची बाजू डायमंड स्क्राइबरने खरवडा आणि त्यावर इंडियम-गॅलियमचं द्रव मिश्रण घासून लावा. खरवडल्यामुळे पृष्ठभागावर इतके दोष तयार होतात की जोड गळका होतो, आणि मोठ्या क्षेत्रफळावर तेवढं पुरतं. दिसायला गावठी, पण प्रोजेक्टला चालतं. फक्त ते मिश्रण ॲल्युमिनियमच्या ठिपक्यांना लागू देऊ नका, गॅलियम ॲल्युमिनियमला पोखरतो.

क्रम उलटा करू नका. आधी मागची बाजू, सगळं तापवणं उरकून. मग समोरची बाजू विरळ एचएफमध्ये बुडवून ऑक्साइड काढा, पृष्ठभागावर पाणी टिकेनासं झालं की लगेच चेंबरमध्ये घाला, आणि ठिपके न तापवता टाका. एचएफ विरळ असलं तरी एकट्याने, हातमोजे आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जवळ नसताना हाताळायचं नाही.

झालं की आधी मागची बाजू तपासा. त्यासाठी मागे सलग थर न टाकता, त्याच वेफरच्या वेगळ्या तुकड्यावर त्याच वेळी दोन पट्ट्या टाकून ठेवा आणि त्या दोघींमध्ये मोजा. शून्यातून जाणारी सरळ रेषा आली आणि तारा उलट्या केल्यावर आकडा बदलला नाही, तर काम झालं. रेषेला शून्याजवळ वळण असेल तर डायोड अजून तिथेच आहे. शंका उरली तर नमुना २७ वरून ३७ अंशांवर न्या. ०.७ चा बॅरिअर प्रवाह ठरवत असेल तर तो अडीच पट होईल. ओमिक असेल तर उलट किंचित कमी होईल, कारण या डोपिंगला सिलिकॉनचा रोध तापमानाबरोबर वाढतो. आणि मोजताना प्रोब स्टेशनच्या मायक्रोस्कोपचा दिवा बंद ठेवा. ०.१४ मायक्रोॲम्पियर शोधताना त्या दिव्याचा फोटोप्रवाह सहज त्याच्या वर जातो.

मग ठिपका मोजा. यावेळी सुलट्या बाजूला ०.२३ व्होल्टच्या सुमारास १ मिलिॲम्पियर यायला हवा. प्रवाहाचा लॉगरिथम व्होल्टेजसमोर काढा आणि दर दशकाला किती व्होल्ट लागतात ते बघा. ६० मिलिव्होल्ट लागले तर n एक आहे. ७० पर्यंत आले तरी विद्यार्थ्याच्या नमुन्याला चांगलंच म्हणायचं. ९०-१०० येत असतील तर बहुधा ऑक्साइड राहिलाय, त्या आकड्यांतून बॅरिअर काढून अहवालात लिहू नका, कारण सूत्र तिथे लागूच होत नाही.

रेषा कुठल्या पट्ट्यात बसवायची याबद्दल सावध राहा. ०.०८ व्होल्टच्या खाली सूत्रातला 'वजा एक' गडबड करतो. वरच्या टोकाला सिलिकॉनचा स्वतःचा रोध आडवा येतो. तुमच्या वेफरमध्ये ठिपक्याखाली तो पंधरा-वीस ओम असेल, म्हणजे १ मिलिॲम्पियरलाच वीसेक मिलिव्होल्ट खाऊन टाकेल. उरतो ०.०८ ते ०.२ एवढाच पट्टा. सगळ्या बिंदूंतून एक्सेलने रेषा काढली की n दीड-दोन येतो आणि दोष बिचाऱ्या वेफरला जातो.

तो पट्टा मागे वाढवून शून्य व्होल्टला I0 वाचा. समजा ०.१४ मायक्रोॲम्पियर आला. ०.००७८५ गुणिले ११२ गुणिले ३०० चा वर्ग म्हणजे सुमारे ७९,००० ॲम्पियर. त्याला I0 ने भागा, नैसर्गिक लॉगरिथम घ्या, २७.१ येतो. ०.०२५८५ ने गुणलं की ०.७०. इथे एक दिलासा आहे: क्षेत्रफळात किंवा I0 मध्ये दहापट चूक झाली तरी उत्तर फक्त ०.०६ ने हलतं. त्याच कारणाने तिसऱ्या दशांशापर्यंतचा बॅरिअर लिहिण्यात अर्थ नाही. ०.७० लिहा, त्यासोबत n आणि तापमान लिहा, आणि समोरचा पृष्ठभाग कसा साफ केला तेही लिहा.